सकाळी घोगरा आवाज, घशात गोळा, अधूनमधून आंबट पाणी. पण छातीत जळजळ अजिबात नाही

गवतफूल

नमस्कार. मी शिक्षिका आहे आणि दिवसाला पाच तास वर्गात उभी राहून बोलते. गेल्या चार महिन्यांपासून सकाळी सहाला उठते तेव्हा माझा आवाज इतका घोगरा असतो की फोनवर ओळखीच्या माणसांनाही कोण बोलते आहे ते कळत नाही. साडेनऊच्या सुमारास तो हळूहळू सुटतो. याशिवाय गळ्याच्या खळगीच्या थोडे वर सतत काहीतरी अडकल्यासारखे वाटते. लाळ गिळली की तो गोळा जास्त जाणवतो, मात्र जेवताना तो नाहीसा होतो आणि घास कुठेही अडकत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, बहुधा रात्री आडवी झाल्यावर, घशाशी आंबट पाणी येते.

डॉक्टरांनी आधी पँटोप्राझोल 40 मिलिग्रॅमची रोज एक गोळी दिली. सहा आठवडे एकही दिवस न चुकवता घेतली, तरी फरक पडला नाही. मग कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिले. स्वरतंतू नीट हलत आहेत, गाठ किंवा जखम काही नाही, फक्त मागचा भाग किंचित लालसर आणि सुजल्यासारखा आहे, असे त्यांनी सांगितले आणि छुप्या आम्लपित्ताचे निदान केले. माझ्या छातीत आजवर एकदाही जळजळ झालेली नाही. मग हे आम्लपित्त कसे? आणि असेलच, तर गोळीने काहीच का झाले नाही? हा गोळा आणखी कशाचा तर नसेल ना, या विचाराने रात्री झोप लागत नाही, हेही लिहायला हवे.

रानवाट

ताई, वर्गातल्या मुलांकडून सतत सर्दी लागत असणार. माझाही आवाज दर पावसाळ्यात बसतो. वाफ घ्या, आणि आवाज पूर्ववत होईपर्यंत मोठ्याने न बोलता कुजबुजत बोला, म्हणजे घशाला विश्रांती मिळेल.

अनुनाद

रानवाट, सर्दीने बसलेला आवाज साधारण दोन आठवड्यांत सुटतो. चार महिने टिकून राहत नाही, आणि रोज साडेनऊला मोकळाही होत नाही. कुजबुजण्याबद्दल मात्र आवर्जून सांगते, कारण आवाजाचे उपचार हेच माझे रोजचे काम आहे. कुजबुजताना बरीच माणसे गळ्याचे स्नायू आवळून धरतात आणि स्वरतंतूंना विश्रांती मिळण्याऐवजी आजूबाजूच्या स्नायूंवर ताण वाढतो. विश्रांती द्यायचीच असेल तर गप्प राहावे, नाहीतर हलक्या पण खऱ्या आवाजात, जवळच्या माणसाशी बोलतो तसे बोलावे.

गवतफूल, तुम्ही दिवसातून किती वेळा घसा खाकरता? मोजले नसेल तर उद्या मोजून पाहा. त्या उत्तरावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

कंठमणी

मी बरीच वर्षे कान-नाक-घसा विभागात काम केले आहे. तुमचा घसा मी पाहिलेला नाही, त्यामुळे जे लिहितो ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्यासाठीच.

शेवटच्या भीतीपासून सुरुवात करतो. दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून झाले, हे सर्वांत महत्त्वाचे काम तुमच्या बाबतीत आधीच उरकले आहे. आवाज चार आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल तर स्वरयंत्र पाहिल्याशिवाय आम्लाच्या गोळ्या सुरू करून वाट पाहत बसू नये, कारण घोगरेपणा हे स्वरतंतूवरच्या गाठीचेही पहिले लक्षण असू शकते. तुमचा गोळा जेवताना नाहीसा होतो आणि रिकामे गिळताना जाणवतो, ही दिलासा देणारी खूण आहे. घास अडकू लागला, गिळताना दुखू लागले, एकाच कानात कळा येऊ लागल्या, वजन उतरले, थुंकीतून रक्त आले किंवा मानेत गाठ हाताला लागली, तर मात्र आधीची तपासणी झाली आहे म्हणून स्वस्थ बसू नये.

आता जळजळ का नाही ते पाहू. अन्ननलिकेत जठरातले पाणी वर आले तर ती नळी आकुंचन पावून ते खाली ढकलते आणि गिळलेली लाळ उरलेले आम्ल निववते. स्वरयंत्राकडे अशी कोणतीही व्यवस्था नाही. त्याचे अस्तर नाजूक असते, त्यामुळे अन्ननलिकेला जाणवणारही नाही एवढा थोडा ओलावा तिथे पोहोचला तरी सूज येऊ शकते. शिवाय त्या पाण्यात नुसते आम्ल नसते. पेप्सिन हे प्रथिने पचवणारे द्रव्यही त्याच्याबरोबर येते आणि ते त्या अस्तराला चिकटून राहते. झोपेत माणूस फार क्वचित गिळतो, लाळ जवळजवळ थांबते, घशाच्या तळाशी, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली वरची झडप सैलावते आणि आडवे असल्यामुळे पाण्याला चढाव उरत नाही. सकाळी आवाज सर्वांत वाईट आणि दुपारी बरा, या तुमच्या वेळापत्रकाशी हे जुळते.

मला तीन गोष्टी कळवा. गोळी दिवसाच्या कोणत्या वेळी घेत होता? रात्रीचे जेवण आणि अंथरुणाला पाठ लागणे यांत किती वेळ जातो? आणि ते पाणी खरोखर आंबट असते का, की तोंडात अचानक पातळ, खारट किंवा बेचव पाणी भरून येते? दुसऱ्या प्रकारात पाणी जठरातून आलेले नसते. अन्ननलिकेला आम्ल लागले की तोंडातल्या ग्रंथी एकदम लाळ सोडतात, ते पाणी म्हणजे तीच लाळ असते. दोन्हींचा अर्थ वेगळा होतो.

गवतफूल

पाणी नक्की आंबट असते, दात आंबतात आणि घसा चरचरतो. गोळी मी सकाळी न्याहारी झाल्यावर घेत होते, रिकाम्या पोटी औषध नको म्हणून. रात्री जेवायला साडेनऊ होतात आणि दिवसभराच्या थकव्याने सव्वादहाला मी झोपलेली असते. घसा खाकरणे काल मोजले. दुपारपर्यंत त्रेचाळीस वेळा झाल्यावर मोजणे सोडून दिले.

सागरगोटा

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच वेळापत्रकात आहे. जेवण आणि झोप यांत तीन तास तरी हवेत. रात्री डोके उंच ठेवा, मी तीन उशा घेतो. शिवाय झोपताना अर्धा पेला पाण्यात खाण्याचा सोडा घालून प्या, आम्ल जागच्या जागी मरते. आम्लाला अल्क हाच उतारा, हे शाळेत शिकलोच आहोत. मी तर दिवसभर अल्कधर्मी पाणीच पितो. त्याने पेप्सिन कायमचे निकामी होते हे शास्त्रानेही सिद्ध झाले आहे.

कंठमणी

सागरगोटा काका, तीन तासांचे तुमचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. डोके उंच ठेवण्याचे तत्त्वही बरोबर आहे, पण उशांची पद्धत चुकते. तीन उशा घेतल्या की फक्त मान आणि खांदे वाकतात, माणूस कमरेत मुडपतो, पोट दाबले जाते आणि जठरातला दाब उलट वाढतो. पलंगाचे डोक्याकडचे दोन्ही पाय 15 ते 20 सेंटीमीटर उंच करावेत, म्हणजे अख्खे शरीर उतारावर येते. पलंग उचलणे शक्य नसेल तर कमरेपासून डोक्यापर्यंत पोहोचणारी, पाचरीच्या आकाराची लांब गादी चालते.

सोड्याचे मात्र करू नका. सोडा आणि आम्ल एकत्र आले की कर्बवायू तयार होतो, जठर फुगते, ढेकर येते आणि त्या ढेकरेबरोबरच पाणी वर येते. म्हणजे झोपण्याच्या वेळी आपणच दार उघडून दिल्यासारखे होते. त्यात सोडियमही भरपूर असते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने रोज तो घेणे आणखी चुकीचे. अल्कधर्मी पाण्याविषयी बोलायचे तर 8.8 पीएचच्या पाण्यात पेप्सिन निकामी होते हे प्रयोगशाळेतल्या नळीत दिसले आहे. पण घशातून ते पाणी क्षणार्धात खाली जाते आणि जठरात पोहोचल्यावर तिथले आम्ल त्याला निववून टाकते. नळीतले निरीक्षण खरे आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष फार पुढचा आहे.

गवतफूल, तुमच्या गोळीची वेळ चुकली होती. आम्ल तयार करणारे पंप जठराच्या पेशींत विश्रांती घेत असतात आणि जेवणाची चाहूल लागली की कामाला लागतात. ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपांना बंद करू शकते आणि रक्तात ती फार वेळ टिकत नाही. म्हणून न्याहारीच्या आधी अर्धा ते एक तास ती घ्यायची, म्हणजे पंप जागे होतील तेव्हा औषध तिथे हजर असते. न्याहारीनंतर घेतल्यास बरेचसे औषध वाया जाते. सहा आठवड्यांचा हा प्रयोग त्यामुळे पुरता झालाच नाही. तो फसला असेही म्हणता येत नाही आणि यशस्वी झाला असेही नाही.

निरभ्र

कंठमणी, तुमच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एक गोष्ट कोणी बोललेले नाही म्हणून लिहितो. मी स्वतः दोन वर्षे अशाच निदानावर गोळ्या घेतल्या. शेवटी चोवीस तासांची तपासणी झाली, ज्यात नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी ठेवतात आणि आम्ल किती वेळा व किती वर येते याची नोंद होते. माझी नोंद संपूर्णपणे सामान्य निघाली. दोन वर्षांची औषधे एका चुकीच्या समजुतीवर गेली.

स्वरयंत्राचा मागचा भाग लालसर असणे हा पुरावा फार कच्चा आहे. काहीही त्रास नसलेल्या अनेक निरोगी लोकांतही तसे दिसते. शिवाय 2021 मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घशाची चिवट लक्षणे असलेल्या लोकांना लॅन्सोप्राझोल हे पँटोप्राझोलच्याच जातीचे औषध 30 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सोळा आठवडे दिले आणि दुसऱ्या गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. दोन्ही गटांना सारखाच थोडा थोडा आराम पडला. त्यामुळे गोळी योग्य वेळी घेतली तर गुण येईलच, असा अर्थ गवतफूल यांनी काढू नये. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की घशाची लक्षणे आहेत पण छातीत जळजळ नाही, अशा रुग्णाची औषधाआधी तपासणी करावी.

आणखी एक. तुम्ही घोरता का? तोंड उघडे ठेवून झोपता का? रात्रभर तोंडाने श्वास घेतल्यावर सकाळी घसा कोरडा आणि आवाज जाड असतो, त्यासाठी जठराची गरज नसते.

दूरदेशी

माझा अनुभव सांगतो. मला दम्यासाठी रोज फवारा घ्यावा लागतो. आठ महिने आवाज घोगरा होता आणि मलाही छुपे आम्लपित्तच सांगितले होते. शेवटी एका डॉक्टरांनी फवारा कसा घेता ते करून दाखवायला सांगितले, तेव्हा लक्षात आले की त्यातले स्टिरॉइड घशावर बसते आहे आणि मी नंतर गुळणी करतच नव्हतो. फवाऱ्याला लांब नळी जोडली, प्रत्येक वेळी पाण्याने गुळणी करून थुंकू लागलो आणि महिन्याभरात आवाज सुटला. गवतफूल, तुम्हीही फवारा बदलून पाहा.

गवतफूल

दूरदेशी, मला दमा नाही आणि फवाराही नाही, पण तुमचा अनुभव वाचून बरे वाटले. निरभ्र, घोरते का ते विचारले. थकलेली असते तेव्हा थोडी घोरते असे घरचे म्हणतात, आणि कधीकधी तोंड कोरडे पडलेले असते. आता मात्र माझा पुरता गोंधळ उडाला आहे. तपासणी करू, की गोळीची वेळ बदलू, की पलंग उचलू?

कंठमणी

निरभ्र यांनी सांगितलेली चाचणी मलाही ठाऊक आहे आणि त्यांचा मुद्दा योग्य आहे. लालसरपणावरून निदान करण्याची सवय आमच्या शाखेत फार पसरली होती, हे मान्य करतो. पण गवतफूल यांच्याकडे लालसरपणाखेरीज आणखी एक गोष्ट आहे. पाणी खरोखर आंबट लागते आणि आडवे झाल्यावर येते. जठरातले काहीतरी घशापर्यंत पोहोचते आहे याचा तो थेट पुरावा आहे. मात्र सकाळचा घोगरेपणा आणि दिवसभराचा गोळा हे दोन्ही त्याच पाण्यामुळे आहेत का, हे त्यावरून ठरत नाही. तिथे माझ्या मनातही शंका आहे.

गोळीविषयी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. गोळी आम्ल कमी करते, पाणी वर येणे थांबवत नाही. पाणी येतच राहते, फक्त कमी आंबट असते, आणि पेप्सिन त्यातही असतेच. म्हणून गोळीचा गुण येत नाही म्हणून डोस वाढवत जाण्यापेक्षा पाणी वर येण्याची वाट अडवण्यावर माझा भर असतो. तुमच्या बाबतीत ती वाट रात्रीची दिसते. हे सर्वांना लागू नाही. पुष्कळांना हा त्रास दिवसा, उभे असतानाच होतो आणि त्यांना पलंग उचलून काही उपयोग होत नाही.

तुमच्या डॉक्टरांना विचारून सहा ते आठ आठवडे असे करून पाहता येईल. गोळी न्याहारीच्या आधी अर्धा तास. रात्रीचे जेवण सातच्या आत, आणि ते जमणारच नसेल तर संध्याकाळी मुख्य जेवण आणि रात्री अगदी थोडे. पलंग 15 सेंटीमीटर उंच, आणि झोपताना डावी कूस, कारण त्या कुशीवर अन्ननलिकेचे तोंड जठरातल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहते. झोपण्याआधी अल्जिनेटचे पातळ औषध पाकिटावरच्या मात्रेने घ्यावे. समुद्री शेवाळापासून केलेले हे औषध आम्लाला मिळाले की फेसाळ जेली बनते आणि तराफ्यासारखी जठरातल्या पाण्यावर तरंगते. वर येणाऱ्या पाण्याच्या वाटेत आधी तो तराफा येतो. त्यानंतर पाणी किंवा दूध काही प्यायचे नाही, नाहीतर तराफा मोडतो. त्यातही सोडियम असते, तेव्हा रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारावे.

आठ आठवड्यांनी फरक नसेल तर डोस दुप्पट न करता निरभ्र म्हणतात ती तपासणी करून घ्यावी.

अनुनाद

आणि सुरुवातीपासून नोंद ठेवा, केवळ आठवणीवर विसंबू नका. रोज उठल्यावर, पाणी पिण्याआधी, त्याच चार ओळी त्याच अंतरावरून फोनवर ध्वनिमुद्रित करा. आवाज किती वाजता मोकळा झाला ते लिहा आणि आंबट पाणी आले त्या रात्रीवर खूण करा.

खाकरण्याबद्दल एक सूचना. खाकरताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात, तिथे सूज येते, सुजेवर चिकट कफ साचतो आणि पुन्हा खाकरावेसे वाटते. जो कफ काढण्यासाठी तुम्ही खाकरता, त्यातला बराचसा खाकरण्यानेच तयार झालेला असतो. इच्छा झाली की पाण्याचा एक घोट घ्या, हनुवटी किंचित खाली घेऊन जोर लावून गिळा. घोट जवळ नसेल तर आवाज न करता श्वासाचा हलका फुत्कार सोडा. पहिले चार दिवस फार कठीण जातात.

गवतफूल

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. डॉक्टरांशी बोलून सगळे सुरू केले. पलंगाखाली सुताराकडून 15 सेंटीमीटरचे दोन ठोकळे करून घेतले आणि पाय घसरू नयेत म्हणून त्यांना वरून खोलगट खाच पाडून घेतली. पहिल्या रात्री मीच घसरत घसरत पलंगाच्या पायथ्याशी गेले आणि सकाळी पाठ दुखली. मग चार दिवस 8 सेंटीमीटरवर झोपले, गुडघ्यांखाली पातळ लोड घेतला आणि नंतर पुन्हा पूर्ण उंचीवर गेले. आता सवय झाली आहे.

जेवण सातला जमत नाही, पावणेआठला होते, आणि मी आता पावणेअकराला झोपते. आंबट पाणी पहिल्या आठवड्यात दोनदा आले, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात नाही. पहिल्या दिवसाचे ध्वनिमुद्रण आणि आजचे एकामागोमाग ऐकले. पहिल्यात "आणि" या शब्दातला शेवटचा स्वर तुटतो, नुसती हवा ऐकू येते. आजच्यात तो पूर्ण उमटतो. आवाज आठच्या सुमारास सुटतो. खाकरणे दुपारपर्यंत बारावर आले आहे. गोळा मात्र जिथे होता तिथेच आहे.

सागरगोटा

अभिनंदन. मी तुमचे वाचून सोडा बंद केला आणि उशा एकवर आणल्या. अल्कधर्मी पाणी मात्र सोडलेले नाही, त्याने मला बरे वाटते आणि बरे वाटते ते मी का सोडावे?

कंठमणी

काका, साधे पाणी म्हणून प्यायला काहीच हरकत नाही.

गवतफूल, गोळा सर्वांत शेवटी जातो, आणि काहींचा आम्ल पूर्ण आटोक्यात येऊनही जात नाही. घशाच्या तळाशी जी वर्तुळाकार झडप आहे तिचा स्नायू आवळलेला राहिला की तो मेंदूला गोळ्यासारखा वाटतो. वारंवार रिकामे गिळून गोळा आहे का ते तपासत राहिल्याने तो आणखी आवळतो. घास गिळताना तो स्नायू पूर्ण सैल पडतो, म्हणूनच जेवताना तुम्हाला गोळा आठवतही नाही.

निरभ्र

सुधारणा झाली याचा मनापासून आनंद आहे, तरीही विचारतो. या तीन आठवड्यांत शाळा चालू होती का?

गवतफूल

पहिले दहा दिवस चालू होती, मग सुट्टी लागली. तुमचा रोख लक्षात आला. गोळी, जेवण, ठोकळे, डावी कूस, अल्जिनेट, न खाकरणे आणि सुट्टी, यांतले नेमके कशाने झाले हे मला सांगता येणार नाही.

निरभ्र

तेच म्हणायचे होते. शाळा सुरू झाल्यावर बाकी काहीही न बदलता पहिला आठवडा नोंद ठेवा. सकाळचा आवाज आणि संध्याकाळचा गोळा यांचे दोन वेगळे रकाने करा, एकच आकडा लिहू नका.

गवतफूल

शाळा सुरू होऊन दहा दिवस झाले. एकूण आठ आठवडे पूर्ण झाले आहेत. दोन रकाने ठेवले आणि ते खरोखरच वेगळे निघाले. सकाळचा आवाज सातच्या आत मोकळा होतो, शाळा सुरू होऊनही त्यात बिघाड झाला नाही आणि आंबट पाणी पाच आठवड्यांत एकदाच आले, तेही लग्नाहून उशिरा जेवून आलेल्या रात्री. गोळा मात्र सुट्टीत जवळजवळ गेला होता, तो शाळेच्या तिसऱ्या दिवशी चौथ्या तासाला परत आला. आता रविवारी नसतो आणि सोमवारी दुपारी असतो.

अनुनाद

म्हणजे गोळ्याचा संबंध जठरापेक्षा बोलण्याशी जास्त दिसतो. चौथ्या तासाला तुमचे खांदे वर चढलेले असतात का, आणि वाक्याच्या शेवटी श्वास संपल्यावरही तुम्ही बोलत राहता का, हे एखाद्या सहकाऱ्याला मागे बसून पाहायला सांगा. जवळच्या आवाज-उपचारतज्ज्ञांकडे चार-सहा सत्रे घेतली तर हे सुधारता येते. दोन तासांच्या मध्ये ओठ मिटून हलके गुणगुणणे आणि कोमट पाणी एवढे तोवर सुरू करा.

कंठमणी

मलाही तसेच वाटते, आणि सुरुवातीला मी गोळाही रात्रीच्या पाण्याच्या खात्यात टाकायला निघालो होतो, तेव्हा निरभ्र यांचा प्रश्न रास्त होता. सकाळच्या आवाजाबद्दल मात्र माझे मत कायम आहे.

आता गोळी किती दिवस चालू ठेवायची हे डॉक्टरांना विचारा. दोन महिन्यांनंतर ती एकदम थांबवली तर दबलेले पंप उसळी घेतात आणि काही आठवडे आम्ल आधीपेक्षाही जास्त होते. त्या दिवसांतल्या त्रासाला लोक आजार परतला असे समजतात आणि गोळी पुन्हा कायमची सुरू होते. म्हणून ती हळूहळू कमी करतात, आणि त्या काळात अल्जिनेट आधाराला ठेवता येते.

निरभ्र

गोळी थांबवल्यानंतरही सकाळचा आवाज मोकळाच राहिला, तर तो गोळीमुळे नव्हे तर ठोकळे आणि जेवणाच्या वेळेमुळे सुधारला, एवढे तरी म्हणता येईल. तोंड उघडे ठेवून झोपण्याचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे, कारण उतारावर आणि कुशीवर झोपल्याने घोरणेही कमी होते.

गवतफूल

काल डॉक्टरांना भेटले. दोन आठवडे एक दिवसाआड आणि मग बंद, असे ठरले आहे. घरच्यांच्या मते घोरणे खरोखरच कमी झाले आहे, त्यामुळे निरभ्र यांच्या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही. आवाज-उपचारांचे पहिले सत्र पुढच्या बुधवारी आहे. ध्वनिमुद्रण रोज चालू ठेवते आहे, आणि गोळी बंद झाल्यानंतरच्या तीन आठवड्यांची नोंद इथेच लिहीन.

रानवाट

ताई, मी कुजबुजणे सुचवले होते ते चुकले, आता कळले. माझ्या बहिणीलाही सकाळी असाच आवाज येतो आणि ती वर्षभर नुसत्या गोळ्या घेते आहे, घसा कोणी पाहिलेलाच नाही. तिने आधी दुर्बिणीची तपासणी करावी का?

कंठमणी

हो, आधी तीच, आणि याच आठवड्यात. ती धूम्रपान करत असेल किंवा पूर्वी करत असे, तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायला सांगा.